पत्ता सांगणारे कॅप्शन

हिंगोलीत कुणाला पत्ता विचारला तर तो घर क्रमांक सांगत नाही. ‘रिसाला बाजारात या आणि कुणालाही विचारा,’ किंवा ‘रामलीला मैदानाच्या मागची गल्ली,’ असे सांगतो. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातल्या वस्त्यांची नावे निजामी राज्यात इथे लष्कराची छावणी होती तेव्हाची. घोडदळ गेले, तोफा गेल्या, पण नाव घेतले की ऐकणाऱ्याला आपण कुठे वळायचे ते आजही कळते.

याच शहरातला एखादा व्यायाम प्रशिक्षक मोबाइलवर रील टाकायला बसला की पत्ता सांगण्याची ही सवय विसरतो. व्हिडिओ आपल्या मैदानावरचा, घाम आपल्या पोरांचा आणि खाली कॅप्शन मात्र असे:

```
No pain no gain 💪🔥 Follow for more
#fitness #gym #fitnessmotivation #bodybuilding #viral
```

हे कॅप्शन हिंगोलीचे आहे, लुधियानाचे आहे की लंडनचे, ते कुणाला सांगता येणार नाही. इन्स्टाग्रामच्या यंत्रणेलाही नाही, आणि रील पाहणाऱ्या कळमनुरीच्या मुलालाही नाही.

या प्रशिक्षकाची गरज काय आहे, हे आधी आकड्यांत मांडू. समजा त्याच्या दोन बॅच आहेत, एक पहाटेची आणि एक सकाळी अकराची. प्रत्येक बॅचमध्ये वीस जणांची जागा. दोन्ही मिळून दर महिन्याला पाच जण सोडून जातात. कुणाचे लग्न ठरते, कुणाला पुण्याला नोकरी लागते, कुणाचा गुडघा धरतो. म्हणजे बॅच भरलेल्या ठेवायला त्याला वर्षाकाठी साठ नवी माणसे हवीत. 2011 च्या जनगणनेत हिंगोली शहराची लोकसंख्या 85 हजारांच्या घरात होती. एवढ्या वस्तीतून साठ माणसे, तीही पहाटे साडेपाचला किंवा सकाळी अकराला गाडी काढून येऊ शकतील अशी. फार तर रोज ये-जा करता येईल एवढ्या वर्तुळातली. लाखभर लोकांनी रील पाहिली आणि त्यातले कुणीच या वर्तुळात राहत नसेल, तर त्या महिन्याची पाच माणसे आली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

या प्रकरणात आपण या एकाच प्रशिक्षकाची दोन कॅप्शन्स लिहून पाहणार आहोत. प्रशिक्षक कल्पनेतला आहे, शहर आणि अडचणी खऱ्या आहेत.

हॅशटॅग म्हणजे डब्यावरची चिठ्ठी

आधी हॅशटॅगबद्दलचा एक गैरसमज दूर करू, कारण जवळचे लोक मिळवण्याच्या आड तोच सर्वांत जास्त येतो.

23 ऑगस्ट 2007 रोजी ख्रिस मेसिना या अमेरिकी माणसाने ट्विटरवर सुचवले की एखाद्या गटाच्या गप्पा एकत्र दिसाव्यात म्हणून शब्दाआधी # हे चिन्ह लावावे. हॅशटॅगचा जन्म असा विखुरलेल्या गोष्टी एका ढिगात आणण्यासाठी झाला. इन्स्टाग्रामने पुढे एका पोस्टला 30 हॅशटॅग लावायची मुभा दिली आणि लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की जितके हॅशटॅग तितके लोक. तीस शब्दांची एक यादी मोबाइलमध्ये जपून ठेवायची आणि प्रत्येक रीलखाली चिकटवायची, ही पद्धत गावोगावच्या जिममध्ये रुजली.

दरम्यान इन्स्टाग्राम बदलत गेले. 2021 मध्ये त्यांनी स्वतःच तीन ते पाच हॅशटॅग वापरा असा सल्ला दिला. डिसेंबर 2024 मध्ये हॅशटॅग फॉलो करण्याची सोय काढून टाकली, म्हणजे एखादा हॅशटॅग फॉलो करून त्यातल्या पोस्ट घरबसल्या मिळण्याचा मार्ग बंद झाला. आणि डिसेंबर 2025 मध्ये एका पोस्टला पाचच हॅशटॅग अशी मर्यादा जाहीर केली. जपून ठेवलेल्या तीस शब्दांच्या यादीची गरजच संपली.

मग उरलेले पाच हॅशटॅग काय करतात? किराणा दुकानातल्या डब्यावरची चिठ्ठी जे करते, ते. डब्यात हळद आहे हे चिठ्ठी सांगते; तिच्यामुळे गिऱ्हाईक दुकानात शिरत नाही. पण हळद मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला नेमका तोच डबा काढून देता येतो. `#fitness` ही चिठ्ठी लावणे म्हणजे डब्यावर ‘किराणा’ असे लिहून ठेवण्यासारखे आहे. ते खोटे नाही, पण त्याचा उपयोगही नाही.

लोकांपर्यंत रील पोहोचते ती दुसऱ्या वाटेने. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी 2025 मध्ये रीलच्या प्रसाराला सर्वांत जास्त उपयोगी पडणाऱ्या तीन गोष्टी सांगितल्या: लोक किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. आपल्याला फॉलो न करणाऱ्या नव्या लोकांपर्यंत जायचे असेल तर पाठवण्याला अधिक वजन असते, असेही त्यांनी सांगितले.

छोट्या गावातल्या प्रशिक्षकाच्या कामाची गोष्ट हीच आहे. रील पाठवली जाते ती ओळखीच्या माणसाला, आणि आपल्या ओळखीची बहुतेक माणसे आपल्या आसपासच राहतात. सेनगावचा मुलगा आपल्या मित्राला रील पाठवतो तेव्हा त्याच्या मनात एक वाक्य असते: ‘हे बघ, आपल्या इथलंच आहे.’ कॅप्शनने हे वाक्य त्याच्या तोंडी आयते द्यायचे आहे. त्यासाठी त्याला दोन गोष्टी कळायला हव्यात, हे कुठले आहे आणि कुणाच्या कामाचे आहे.

पहिली ओळ

इन्स्टाग्राम एका कॅप्शनमध्ये 2,200 अक्षरचिन्हे लिहू देते. पण रील चालू असताना खाली दिसते ती जेमतेम पहिली ओळ. उरलेले वाचायला बोटाने उघडावे लागते आणि बहुतेक लोक उघडत नाहीत. त्यामुळे गावाचे नाव आणि माणसाची अडचण या दोन गोष्टी पहिल्या ओळीत बसायला हव्यात. शेवटच्या ओळीतला पत्ता हा ज्याने आधीच यायचे ठरवले आहे त्याच्यासाठी असतो. पहिल्या ओळीतला पत्ता पाहून माणूस थांबतो.

आपल्या प्रशिक्षकाची पहाटेची बॅच पोलीस भरतीच्या मुलांची आहे असे धरू. हिंगोलीत हे अगदी स्वाभाविक आहे. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 इथेच आहे आणि जिल्ह्याच्या पाचही तालुक्यांत भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे रस्त्याच्या कडेने पळताना दिसतात. या मुलांना ‘फिटनेस’ नको आहे, त्यांना गुण हवे आहेत. पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. त्यात मुलांसाठी 1600 मीटर धावण्याला 20 गुण, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. 1600 मीटर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत संपवले तर वीसपैकी वीस मिळतात.

पाच मिनिटे दहा सेकंद म्हणजे 310 सेकंद. चारशे मीटरच्या चार फेऱ्या धरल्या तर प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद येतात. नवखा मुलगा शिट्टी वाजली की जोरात सुटतो, पहिली फेरी सत्तर सेकंदांच्या आतच मारतो आणि तिसऱ्या फेरीत त्याचा दम तुटतो. ही चूक प्रशिक्षक रोज पाहतो. त्याचे कॅप्शन इथूनच सुरू व्हायला हवे, कारण हे त्याला ठाऊक आहे आणि ‘नो पेन नो गेन’ लिहिणाऱ्याला ठाऊक नाही.

त्याचे नवे कॅप्शन असे:

> हिंगोली पोलीस भरती: 1600 ला तिसऱ्या फेरीत दम तुटतो?
>
> पहिली फेरी 68 सेकंदांत मारली की तिसरी चालत काढावी लागते. वीसपैकी वीस पाहिजे असतील तर चारही फेऱ्या 77 च्या आसपास बसव. हातात घड्याळ घेऊन फेरी कशी मोजायची ते रीलमध्ये दाखवलंय.
>
> रोज पहाटे 5.30, रामलीला मैदान, हिंगोली. रविवारी सुट्टी. पहिले दोन दिवस फी नाही, येऊन बघ.
>
> औंढा, सेनगाव, कळमनुरीहून येणार असशील तर आधी फोन कर, गाडीवर सोबत कोण आहे ते सांगतो.
>
> ज्या मित्राचा 1600 अडकलाय त्याला पाठव.

पहिल्या ओळीत गाव आहे, परीक्षा आहे आणि ज्या जागी मुलगा अडकतो ती जागा आहे. नाशिकच्या मुलाला ही रील आपल्यासाठी नाही हे एका क्षणात कळते आणि तो पुढे जातो. त्याला जाऊ द्यावे. दुसऱ्या परिच्छेदात खरी शिकवण आहे. जो कधीच बॅचला येणार नाही त्यालाही तिचा उपयोग होतो, आणि उपयोगाची गोष्टच माणूस दुसऱ्याला पाठवतो. तिसऱ्यात वेळ, जागा, सुट्टी आणि पैसे या चार गोष्टी आहेत, म्हणजे चौकशीचे चार मेसेज वाचले. चौथा परिच्छेद तालुक्याच्या गावांची नावे घेतो. ती नावे शोभेसाठी घातलेली नाहीत. औंढ्याच्या मुलाची खरी अडचण पहाटे येण्याची असते आणि तिथे तिचे उत्तर आहे. शेवटची ओळ ‘लाइक करा, शेअर करा’ असे म्हणत नाही. नेमक्या कुठल्या मित्राला पाठवायचे ते सांगते.

मुलांशी प्रशिक्षक ‘तू’ने बोलतो. मैदानावर तो तसेच बोलतो आणि कॅप्शनमध्ये एकदम ‘आपण सर्वांनी अवश्य लाभ घ्यावा’ असे झाले की ते निवडणुकीच्या पत्रकासारखे वाटते.

आणखी एक गोष्ट. दसऱ्याच्या दिवसांत रामलीला मैदान हिंगोलीच्या प्रसिद्ध दसरा महोत्सवाचे असते. पाळणे, दुकाने, रावणदहन. त्या दिवसांत कॅप्शनमध्ये ‘रामलीला मैदान’ तसेच राहिले तर नवा मुलगा पहाटे अंधारात येऊन पाळण्यांच्या खांबांत आपल्याला शोधत बसेल. टाकलेल्या रीलचे कॅप्शन नंतरही बदलता येते. जागा किंवा वेळ बदलली की आधी जुन्या तीन-चार चाललेल्या रील्स उघडून तिथला मजकूर बदलावा. शोधणाऱ्याला आपली नवीच रील सापडेल असे नाही.

पाच चिठ्ठ्या कशा निवडायच्या

या रीलखाली आपला प्रशिक्षक पुढील पाच हॅशटॅग लावतो:

```
#hingoli #hingolikar #policebharti #1600meter #hingolipolicebharti
```

पहिले दोन ठिकाणाचे, मधले दोन विषयाचे आणि शेवटचा ठिकाण व विषय एकत्र करणारा. शेवटचा हॅशटॅग फारसा कुणी शोधत नसेल, पण शोधलाच तर शोधणारा नक्की आपलाच माणूस असेल. याउलट `#viral` कोट्यवधी पोस्टवर आहे आणि हिंगोलीत व्यायामाची जागा शोधणारा कुणीही तो शब्द टाइप करत नाही.

हॅशटॅग कामाचा आहे की नाही हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. इन्स्टाग्रामच्या शोधात तो शब्द टाइप करा आणि समोर येणाऱ्या पहिल्या नऊ पोस्ट बघा. त्यातल्या किती पोस्ट आपल्या बॅचला येऊ शकेल अशा माणसाने टाकल्या किंवा पाहिल्या असतील? नऊपैकी पाच-सहा तशा असतील तर हॅशटॅग ठेवा. एकही नसेल तर शब्द कितीही गोड असला तरी काढून टाका.

ही चाचणी केली की हिंगोली जिल्ह्यातल्या नावांच्या दोन खाचा लगेच दिसतात. औंढा नागनाथ इंग्रजी अक्षरांत `aundha` असे लिहिले जाते. शेवटचा `a` गळला की ते पुण्याचे औंध होते, आणि पुण्याच्या औंधात जिमची काय कमी? वसमतचे दुसरे लेखन `basmat` असे होते आणि मोबाइलचा कीबोर्ड ते हौसेने ‘बासमती’ करून टाकतो. मग हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यातल्या जिमचा डबा तांदळाच्या फळीवर जातो. म्हणून रील टाकल्यावर प्रत्येक हॅशटॅगवर एकदा बोट ठेवून तो कुठे नेतो ते पाहावे. देवनागरीत हॅशटॅग लिहिला असेल तर पूर्ण शब्द रंग बदलून दुवा झाला आहे की मध्येच तुटला आहे, तेही त्याच वेळी कळते. हॅशटॅगमध्ये मोकळी जागा किंवा आडवी रेघ आली की तो तिथेच संपतो.

‘गांधी चौक’ हा शब्दही असाच. तो हिंगोलीत आहे आणि महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक गावात आहे. एकट्या ‘गांधी चौका’ने ठिकाण कळत नाही; त्याला ‘हिंगोली’ जोडावेच लागते.

हॅशटॅगइतकाच महत्त्वाचा म्हणजे लोकेशन टॅग. रील टाकताना ‘ठिकाण जोडा’ असा पर्याय येतो. तिथे भारत किंवा महाराष्ट्र न निवडता हिंगोली निवडावे. त्या नावावर बोट ठेवणाऱ्याला त्याच ठिकाणच्या इतर पोस्ट दिसतात, म्हणजे दसऱ्याची मिरवणूक पाहायला आलेल्या माणसाला आपली रीलही दिसू शकते.

आणि प्रोफाइलवर जिथे आपले नाव असते, त्या नावाच्या रकान्यातले शब्द शोधात धरले जातात. तिथे नुसते नाव न ठेवता नावापुढे ‘फिटनेस ट्रेनर हिंगोली’ असे जोडले तर तो एक न मोजलेला सहावा हॅशटॅगच झाला. हे नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येते, म्हणून ठरवून एकदाच लिहावे.

अकराची बॅच

दुसरे कॅप्शन अवघड आहे. अकराची बॅच महिलांची आहे आणि इथे रील पाहणारी व्यक्ती अनेकदा एकटी निर्णय घेत नाही. ती रील नवऱ्याला, जावेला किंवा शेजारणीला दाखवते. म्हणजे कॅप्शन दोघांनी वाचायचे आहे. तिचा प्रश्न असतो, ‘मला जमेल का?’ घरातल्यांचा असतो, ‘तिथे कोण असतं?’ कॅप्शनने दोन्हींची उत्तरे न विचारता द्यायला हवीत, कारण अनोळखी पुरुष प्रशिक्षकाच्या खात्यावर मेसेज करून असे प्रश्न विचारायला बऱ्याच बायका संकोचतात.

> हिंगोलीत फक्त महिलांची व्यायाम बॅच, सकाळी 11 ते 12
>
> डबे गेले, लेकरं शाळेत गेली की यायचं आणि बारानंतर घरी. शिकवायला ताई आहेत. हॉलमध्ये त्या वेळेत पुरुष नसतात. व्हिडिओ कुणाचाही विचारल्याशिवाय काढत नाही.
>
> पंजाबी ड्रेस चालतो, बूट नसले तरी पहिल्या आठवड्यात अडत नाही. गुडघा किंवा कंबर दुखत असेल, बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर पहिल्याच दिवशी सांगा. व्यायाम त्याप्रमाणे बदलतो.
>
> नांदेड नाक्याजवळ, हिंगोली. तीन दिवस येऊन बघा, मग फी ठरवा. मैत्रिणीला घेऊन आलात तर उत्तमच.
>
> Ladies fitness batch in Hingoli, 11 am

इथे ‘तू’ गेले आणि ‘तुम्ही’ आले. ‘पोटाची चरबी जाळा’ कुठेच नाही. गावात अशा ओळीखालची रील शेजारणीला पाठवणे म्हणजे तिला लठ्ठ म्हणणे होते, आणि पाठवली न गेलेली रील गावात पसरत नाही. ‘महिलांची अकराची बॅच’ मात्र कुणालाही बिनदिक्कत पाठवता येते.

याच कारणाने ‘आधी आणि नंतर’ अशा जोडफोटोंबद्दल जपून राहावे. मोठ्या शहरात ते फोटो अनोळखी बाईचे असतात. हिंगोलीत ती कुणाची तरी वहिनी असते. लेखी परवानगी नसेल तर टाकू नये. असली तरी चेहरा झाकून टाकणे बरे.

शेवटची इंग्रजी ओळ पाहा. वाचताना लोक मराठी वाचतात, पण शोधताना बोटे बहुधा इंग्रजी अक्षरांत चालतात: `gym in hingoli`, `ladies gym hingoli`. जुलै 2025 पासून व्यावसायिक इन्स्टाग्राम खात्यांच्या सार्वजनिक पोस्ट गुगलच्या शोधातही येऊ शकतात, त्यामुळे ही एक ओळ इन्स्टाग्रामच्या बाहेरही काम करते. संपूर्ण कॅप्शन इंग्रजीत लिहायची मात्र गरज नाही. शहरात हिंदी-उर्दू बोलणारी वस्तीही मोठी आहे. त्या घरांतल्या बायका बॅचला याव्यात असे वाटत असेल तर इंग्रजी ओळीच्या वर एक साधी हिंदी ओळ जोडावी. एका कॅप्शनमध्ये तीन भाषा असणे हिंगोलीच्या बाजाराला नवे नाही.

कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक बोटाने उघडत नाही, हेही लक्षात असू द्यावे. व्हॉट्सअॅपची लिंक किंवा फोनचे बटण प्रोफाइलवर द्यावे आणि कॅप्शनमध्ये ‘नंबर प्रोफाइलवर आहे’ एवढेच लिहावे.

न लिहिण्याच्या गोष्टी

गावातले गिऱ्हाईक मिळवायचे तर गावात खोटे ठरेल असे काही लिहू नये. ‘एकवीस दिवसांत दहा किलो’ हे वाक्य बाविसाव्या दिवशी बाजारात भेटते. भरतीच्या मुलांसाठी दुसरे आमिष उंचीचे असते. शिपाई भरतीला मुलांची उंची 165 आणि मुलींची 155 सेंटिमीटर लागते, आणि दोन सेंटिमीटरने अडकलेला मुलगा कुठल्याही पावडरीवर विश्वास ठेवतो. 1954 च्या औषधे आणि जादूचे उपाय यासंबंधीच्या जाहिरात कायद्यात उंची, लठ्ठपणा आणि मधुमेह यांवर औषधाने उपाय करण्याचे दावे जाहिरातीत करायला बंदी आहे. रीलखालचे कॅप्शन ही जाहिरातच आहे. व्यायाम शिकवणाऱ्याने व्यायामाबद्दल लिहावे, डबीबद्दल लिहू नये.

चालले की नाही, कसे ओळखायचे

हा शेवटचा भाग लोक टाळतात, आणि त्यामुळेच परत `#viral` कडे वळतात. कारण स्थानिक कॅप्शनने आकडा अनेकदा कमीच होतो. आधी रीलला आठ हजार व्ह्यूज यायचे, आता नऊशे येतात, असे होऊ शकते. मन खट्टू होते.

उलट धोका मोठा आहे. एखादी गमतीची रील देशभर पसरली आणि दूरचे दोन हजार फॉलोअर जमले, की पुढची ‘रामलीला मैदान, पहाटे 5.30’ ही रील या लोकांच्याही समोर जाते. त्यांना तिचे काही नसते, ते दोन सेकंदांत पुढे सरकतात, आणि लोक थांबत नाहीत हा संदेश यंत्रणेला जातो. बाहेरच्या टाळ्यांनी घरचा आवाज बुजतो.

म्हणून दोन ठिकाणी पाहावे. पहिले, व्यावसायिक खात्याच्या ‘इनसाइट्स’मध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते दिसते. पहिल्या पाच शहरांत हिंगोली नसेल आणि परभणी, नांदेड, वाशिमही नसतील, तर कॅप्शन अजून बाहेरच बोलते आहे. दुसरे, आणि जास्त भरवशाचे, म्हणजे एक शंभर पानी वही. चौकशीचा प्रत्येक फोन आला की तीन गोष्टी लिहायच्या: कुठून बोलता, कुठली रील पाहिली, ती स्वतः सापडली की कुणी पाठवली. महिनाभरात वहीत वीस ओळी झाल्या की चित्र स्पष्ट होते. भरतीच्या रीलवरून आलेले बहुतेक जण ‘मित्राने पाठवली’ म्हणत असतील तर शेवटची ‘पाठव’ ही ओळ काम करते आहे. अकराच्या बॅचच्या चौकशा फक्त नांदेड नाक्याच्या आसपासच्या असतील तर पुढच्या कॅप्शनमध्ये दुसऱ्या वस्तीचे नाव घेऊन पाहावे. फोन येतात पण प्रत्येक जण वेळ विचारतो, तर वेळ खालच्या ओळीत दडली आहे. ती वर आणावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. या आठवड्यात पहिली ओळ, पुढच्या आठवड्यात हॅशटॅग. सगळे एकदम बदलले तर काय चालले ते वहीही सांगू शकणार नाही.

मर्यादाही सांगून ठेवतो. कॅप्शन रील कुणाला दाखवायची ते ठरवू शकत नाही. फक्त दिसली तर योग्य माणसाला थांबवू शकते आणि शोधणाऱ्याला सापडू शकते. ठरावीक किलोमीटरच्या आतच रील दाखवायची असेल तर पैसे भरून ‘बूस्ट’ करावे लागते आणि तिथे ठिकाण व अंतर निवडता येते. पण बूस्ट केलेल्या रीलखाली ‘नो पेन नो गेन’ असेल तर पैसे भरून आणलेला शेजारीही पत्ता न कळल्याने निघून जाईल.

उद्याची रील टाकण्याआधी एक करा. कॅप्शन चहाच्या टपरीवर बसलेल्या ओळखीच्या एका माणसाला वाचून दाखवा, मोबाइल खिशात ठेवा आणि त्याला विचारा: कुठे जायचे, किती वाजता आणि कुणी जायचे? तिन्ही उत्तरे बरोबर आली तर टाका. एक जरी अडले तर ती ओळ पुन्हा लिहा.